वळणाआधी ब्रेक: दुचाकीस्वारांसाठीच्या नव्वद सेकंदांच्या फिल्मच्या प्रकल्प नोंदी

१० एप्रिल २०२५, रत्नागिरी

फिल्म नव्वद सेकंदांची असेल. चित्रीकरण एकदाच होईल आणि त्यावर मराठी व हिंदी अशी दोन निवेदनं चढतील. मराठी निवेदन इथल्या रोजच्या स्वारांसाठी आहे. हिंदी निवेदन बागांमधले राखणदार, बोटींवरचे खलाशी, रस्त्यांच्या कामांवरचे मजूर आणि भाड्याची स्कूटर घेऊन किनाऱ्यावर फिरणारे पर्यटक यांच्यासाठी आहे. हे सगळे एकाच रस्त्यावर, एकाच पावसात गाडी चालवतात.

पहिल्या बैठकीत विषयांची यादी लांबत गेली: हेल्मेट, मोबाइल, मागे बसून उघडलेली छत्री, चाकात जाणारी ओढणी, रस्त्यावर बसलेली गुरं, मासळीच्या टेम्पोतून सांडणारं पाणी. नव्वद सेकंदांत एवढं सगळं कोंबलं तर बघणाऱ्याच्या हाती सूचनांची पाटी लागते, कृती लागत नाही. म्हणून एकच कृती निवडली. ओल्या उतारावर वळण दिसलं की वेग वळणाआधीच, गाडी सरळ असताना उतरवायचा. कोकणातले रस्ते चढ, उतार आणि वळणं यांचेच बनलेले आहेत, त्यामुळे ही कृती इथे दिवसातून अनेकदा करावी लागते, आणि चुकली तर गाडी घसरते.

हेल्मेट बोलण्यात येणार नाही, पण प्रत्येक चौकटीत दिसेल. चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांच्याही डोक्यावर आयएसआय खुणेचं हेल्मेट आणि हनुवटीखाली लावलेला पट्टा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये मागे बसणाराही येतो. एका चौकटीत जरी पट्टा लोंबताना दिसला तरी पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकते.

१५ एप्रिल, आरे-वारे मार्ग

जागा शोधताना फक्त देखणं वळण पुरत नाही. या फिल्मला असं वळण हवं, की उतार वळणाच्या तोंडाशी येऊन जवळजवळ संपतो. उतार वळणातही तसाच चालू राहिला तर ब्रेक पूर्ण सोडल्यावर गाडी पुन्हा वेग घेते. अशा ठिकाणी अनुभवी स्वार मागचा ब्रेक हलका धरून ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. मग ‘ब्रेक आधी, वळण नंतर’ हे चित्र तिथे खोटं ठरतं. जे दाखवायचं ते त्या जागेवर खरं असलं पाहिजे.

निवडलेल्या वळणाआधी लांब सरळ उतार आहे आणि वळण डावीकडचं आहे. आतल्या बाजूला जांभ्याची कापलेली दरड आहे, तिच्या पायथ्याचं गटार मातीने भरलंय. गेल्या पावसात पाणी गटारातून न जाता रस्त्यावरून वाहिलं, त्याची खूण अजून दिसते. डांबराच्या आतल्या कडेला लाल मातीचा पंख्यासारखा पसरलेला वाळका थर आहे. पाऊस पडला की हाच थर चिखल होतो, आणि वळण कापून आत घुसणारा स्वार नेमका त्याच्यावरून जातो. कडेच्या सावलीत शेवाळ धरतं ते वेगळंच. स्टोरीबोर्डमध्ये या थराला स्वतंत्र चौकट दिली, कारण स्वाराला तो वळणात शिरल्यावर दिसतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

जागेवर लागणाऱ्या परवानग्या (पोलीस, रस्ता ज्यांच्याकडे आहे ते कार्यालय) नोंदवून ठेवल्या. ड्रोन वापरायचा नाही असं ठरलं. वरून दिसणारं दृश्य चित्रातून करू, कारण अंतर मोजून दाखवायला चित्रच जास्त स्पष्ट असतं.

२१ एप्रिल, अंतराचं गणित

ताशी ४० किलोमीटर हा वेग घेतला. घाई नसलेला माणूसही उतारावर सहज या वेगात असतो, म्हणून. ४० भागिले ३.६, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागायला दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी १६.७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेकचं अंतर येतं. सर्वसाधारण स्वार कोरड्या सपाट रस्त्यावर दर सेकंदाला साधारण ५ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी करतो असं धरलं. ओल्या रस्त्यासाठी ३ धरले आणि वीसास एक असा उतार असेल तर त्यातून अर्धा वजा केला, म्हणून २.५ उरले. सूत्र साधं आहे: वेगाचा वर्ग भागिले वेग कमी होण्याच्या दराची दुप्पट. १२३.५ भागिले ५ म्हणजे २४.७ मीटर.

दोन्ही मिळून सुमारे ४१ मीटर होतात. त्याच उतारावर ३० च्या वेगाला हेच अंतर साधारण २६ मीटर येतं आणि ५० ला ५९. कोरड्या सपाट रस्त्यावर ४० ला ते २९ होतं. हे आकडे गृहीतकांवर उभे आहेत. टायर गुळगुळीत असेल किंवा खाली चिखल असेल तर अंतर आणखी वाढतं. म्हणून निवेदनात नेमका आकडा न देता ‘हून जास्त’ असंच म्हणायचं ठरलं.

मीटर ऐकून डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. एसटीची बस साधारण अकरा-बारा मीटर लांब असते, म्हणजे ४१ मीटरमध्ये एकामागे एक तीन बस उभ्या राहून वर जागा उरते. चित्रात वरून दिसणारा उतार, त्यावर एक-एक करून येणाऱ्या तीन बस आणि शेजारून जाणारी दुचाकी असं ठरलं. पहिले १७ मीटर करड्या रंगात (अजून ब्रेक लागलेलाच नाही) आणि पुढचे लाल रंगात. करड्या पट्ट्याची लांबी पाहिल्यावरच वळण दिसताक्षणी ब्रेक का, हे समजतं.

२८ एप्रिल, दोन भाषांचा मसुदा

शब्द मोजून वेळ काढायची पद्धत इथे चालत नाही. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, हिंदीत सुटी राहते. ‘उतारावर’ हा एक शब्द, ‘ढलान पर’ हे दोन. म्हणून अक्षरं मोजली, जोडाक्षर एक धरून. सावकाश, स्पष्ट निवेदनाला सेकंदाला पाच अक्षरं हे माप धरलं. पाहणारा पाऊस, घाट आणि गाडीचा आवाज एकत्र ऐकणार आहे, त्यामुळे याहून वेगाने बोललेलं कानावरून निघून जातं.

बसच्या चित्रावरची ओळ अशी:

मराठी: ओल्या उतारावर चाळीसच्या स्पीडला गाडी थांबायला तीन एसटींहून जास्त अंतर लागतं.

हिंदी: गीली ढलान पर चालीस की स्पीड में गाड़ी रुकने को तीन बसों से ज़्यादा जगह चाहिए।

मराठी ३५ अक्षरं, हिंदी ३३. दोन्ही सात सेकंदांत बसतात. पण एकूण लांबी जुळली म्हणजे काम झालं असं नाही. चित्रात बस ज्या क्षणी येतात त्याच क्षणी ‘तीन’ हा शब्द यायला हवा. मराठीत त्याच्याआधी २० अक्षरं आहेत, हिंदीतही २०. म्हणजे दोन्हीकडे चौथ्या सेकंदाला ‘तीन’ येतं आणि पहिली बस तिथेच उमटते. मराठी आणि हिंदी, दोन्हीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे हे जमतं, मात्र वाक्याचा क्रम राखला तरच. हिंदीचा आधीचा मसुदा ‘तीन बसों से ज़्यादा जगह चाहिए, अगर ढलान गीली हो’ असा होता. बोलायला तो जास्त गोड होता, पण त्यात बस पहिल्याच सेकंदाला येतात आणि पडद्यावर तेव्हा नुसता रिकामा उतार असतो. तो बदलला.

उताराच्या सुरुवातीची ओळ सहज जुळली:

मराठी: इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरू नका.

हिंदी: इंजन बंद करके या न्यूट्रल में मत उतरिए।

वीस आणि एकोणीस अक्षरं. ही ओळ पेट्रोल वाचवायच्या सवयीसाठी आहे. गिअर लागलेला असला की इंजिन चाकाला मागे ओढतं. न्यूट्रलमध्ये हा आधार जातो, सगळा भार ब्रेकवर पडतो आणि लांब उतारावर ड्रम ब्रेक तापून त्याची धार कमी होते. स्कूटरला गिअर नसला तरी इंजिन चालू ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की थोडी ओढ मिळते. हे सगळं निवेदनात सांगायचं नाही. चित्रात फक्त चालू इंजिनचा आवाज उतरत्या सुरात ऐकू येईल.

३ मे, स्टोरीबोर्ड

चौदा चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीखाली वेळ, चित्र, आवाज, मराठी ओळ आणि हिंदी ओळ असे पाच रकाने आहेत. चित्रकाराच्या सूचनेवरून सहावा रकाना वाढवला: मागचा दिवा. फिल्मचा सगळा अर्थ त्या दिव्यावर टांगलेला आहे. सरळ रस्त्यावर तो भडक होतो, गाडी वळणात कलते तेव्हा मंद होतो. शब्द न समजणाऱ्यालाही हा क्रम दिसतो, आणि तो मराठीत वेगळा, हिंदीत वेगळा असत नाही.

दिवा कोणत्या क्षणी भडक व्हावा, याचा हिशेब असा. ओळ चाळिसाव्या सेकंदाला सुरू होते.

मराठी: वळण दिसलं की ब्रेक आत्ताच, सरळ रस्त्यावर.

हिंदी: मोड़ दिखते ही ब्रेक अभी, सीधी सड़क पर।

मराठीत ‘ब्रेक’ हा शब्द सात अक्षरांनंतर येतो, म्हणजे १.४ सेकंदांनी. हिंदीत सहा अक्षरांनंतर, १.२ सेकंदांनी. दिवा ४१.४ व्या सेकंदाला पेटला तर मराठीत शब्द आणि उजेड एकत्र येतात, हिंदीत उजेड शब्दाच्या पाव सेकंदाहून कमी मागे राहतो. एवढा फरक डोळ्याला जाणवत नाही.

दिवा किती वेळ पेटलेला राहील? ४० वरून २० वर बेताने यायचं, दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद इतकंच. त्याला २३ मीटर आणि पावणेतीन सेकंद लागतात. म्हणजे ४४ व्या सेकंदाच्या आसपास दिवा मंद व्हायला हवा. चित्रीकरणाच्या वेळी वळणाच्या तोंडापासून मागे तीस मीटरवर रस्त्याच्या कडेला खडूची खूण करायची आणि स्वाराने तिथे ब्रेक सुरू करायचा. २३ मीटर ब्रेकचे आणि गाडी कलायच्या आधी ब्रेक सोडून झाल्याचं दिसावं म्हणून वरचे सात.

कच्च्या रेखाटनात नववी चौकट अशी आली होती: गाडी कललेली आणि दिवा भडक. चित्र सुंदर होतं, गतीही छान होती. पण फिल्म जे करू नका म्हणते तेच त्यात होतं. दिव्याचा रकाना नसता तर हे चित्रीकरणापर्यंत कोणाच्या लक्षात आलं नसतं. आता नियम असा: गाडी कललेली असेल त्या चौकटीत दिवा मंदच.

मंद म्हटलं, विझलेला नाही. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना इंजिन चालू असेपर्यंत पुढचा दिवा पेटलेलाच असतो, आणि त्यासोबत मागचा छोटा दिवाही. ब्रेकला तोच भडक होतो. ढगाळ उजेडात कॅमेऱ्याने आपोआप उजेड वाढवला तर मंद आणि भडक दोन्ही सारखेच पांढुरके दिसतात. कॅमेऱ्याच्या नोंदीत लिहून ठेवलं: उजेड हाताने बांधायचा, दिवा लालच दिसेल इतका कमी, आणि लांब पल्ल्याचं भिंग मागून खालच्या उंचीवर.

पुढची ओळ चौकट दहावर, बोटांच्या आणि पायाच्या जवळच्या चित्रावर:

मराठी: दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा.

हिंदी: दोनों ब्रेक धीरे-धीरे दबाइए।

९ मे, वाहन प्रशिक्षकाकडून तपासणी

वाहन चालवायला शिकवणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांना मसुदा वाचून दाखवला. त्यांनी दोन जागी बोट ठेवलं आणि दोन्ही बदल मोलाचे ठरले.

पहिलं. चौकट दहाच्या आधीच्या रूपात ‘डावा लिव्हर आणि उजवा लिव्हर दोन्ही’ असं होतं. स्कूटरवर ते बरोबर आहे, कारण दोन्ही हातांत ब्रेक असतात. पण मोटारसायकलवर डाव्या हातात क्लच असतो. नवशिका मोटारसायकलवाला ही ओळ ऐकून उतारावर क्लच दाबणार, इंजिनची ओढ सुटणार आणि गाडी उलट वेग घेणार. म्हणून डावं-उजवं पूर्ण काढलं. निवेदन फक्त ‘दोन्ही ब्रेक’ म्हणतं आणि चित्र दोन भागांत आहे: वर स्कूटरचे दोन्ही हात, खाली मोटारसायकलचा उजवा हात आणि उजवा पाय. एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागण्याची सोय असते आणि त्यावरच्या गाड्यांत एबीएस. पण जुन्या गाड्याही रस्त्यावर भरपूर आहेत. ‘दोन्ही’ म्हटल्याने नव्या-जुन्या सगळ्यांना तेच लागू होतं.

दुसरं. वळणावरची ओळ ‘वळणात ब्रेक नाही’ अशी ठाम होती. त्यांचा प्रश्न होता, “वळणात मधोमध म्हैस बसली असेल तर त्याने काय करायचं, साहेब?” उत्तर असं की गाडी आधी शक्य तेवढी सरळ करायची आणि मग ब्रेक दाबायचा. पण ते नव्वद सेकंदांत शिकवता येत नाही आणि ‘ब्रेक नाही’ ऐकलेला माणूस ब्रेक दाबायलाच कचरेल. ओळ बदलली:

मराठी: वळणात जोरात ब्रेक नको.

हिंदी: मोड़ में ज़ोर से ब्रेक नहीं।

अकरा आणि दहा अक्षरं, जुन्या जागेत अलगद बसली.

कारण सांगणारी ओळ मात्र लांब राहिली आणि ती लांबच हवी, कारण ते समजलं तरच सवय बदलते. मराठीत ‘टायरची पकड एकच. वळताना ती वळण्यातच खर्च होते. तेव्हा जोरात ब्रेक मारला, की चाक घसरतं.’ हिंदीत ‘टायर की पकड़ एक ही है। मुड़ते समय वह मुड़ने में लग जाती है। तब ज़ोर से ब्रेक मारा, तो पहिया फिसलेगा।’ ४१ आणि ४५ अक्षरं. इथे चित्राला चौदा सेकंद दिलेत, त्यामुळे हिंदीला श्वास घ्यायला जागा आहे. खाली वरून दिसणारं चित्र: चाकाखाली एक पट्टी, तिचा निळा भाग वळण्याचा आणि लाल भाग ब्रेकचा. गाडी कलते तसा निळा वाढतो, लालला जागा उरत नाही.

पडलेली गाडी खरी दाखवायची नाही, चित्रातच दाखवायची. खरी घसरण चित्रित करायची म्हणजे कोणाला तरी पाडावं लागतं. शिवाय रक्त किंवा जखम दिसली की माणूस मान वळवतो आणि त्यानंतरचं सगळं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

१५ मे, आवाज बंद करून

चौदा चौकटी ठरलेल्या वेळांवर लावून कच्चा पट तयार केला आणि एका गॅरेजवर व एका आंबा बागेत फोनवरच दाखवला. आधी आवाज बंद ठेवून. लोक फॉरवर्ड आलेला व्हिडिओ आधी आवाजाशिवायच बघतात. ‘आवडला का?’ असं विचारायचं नाही असं ठरवलं होतं. एकच प्रश्न: यातला गाडीवाला काय करतो ते सांगा.

गॅरेजवर उत्तर लगेच आलं. बागेत मात्र काहींनी लाल दिव्याकडे पाहिलंच नाही, त्यांना तो नेहमीचा मागचा दिवा वाटला. मंद आणि भडक यांतला फरक लहान पडद्यावर हरवतो. म्हणून ४१ व्या सेकंदापासून चौकटीच्या कोपऱ्यात लिव्हरवरची बोटं दाखवणारं छोटं चित्र टाकलं: बोटं आवळतात तेव्हा दिवा भडक, सुटतात तेव्हा मंद. दुसऱ्यांदा दाखवताना बागेतल्या लोकांनी बोटांकडे पाहून दिव्याचं सांगितलं.

आणखी एक बदल याच दिवशी झाला. मागे बसलेल्या आईच्या तोंडी एक वाक्य आहे, ‘वळण आलं हां, बाळा.’ हिंदीत ‘बेटा, मोड़ आया।’ दोघांनाही पूर्ण चेहरा झाकणारी हेल्मेटं दिली, त्यामुळे ओठ दिसत नाहीत आणि एकाच चित्रावर दोन्ही भाषा बसतात. वाक्य निवेदकाने नाही, वेगळ्या बाईंनी म्हणायचं, थोडं दबलेल्या आवाजात, हेल्मेटमधून येतो तसं.

२२ मे, निवेदनाचं ध्वनिमुद्रण

चारच दिवसांत वळवाने जोर धरला आहे, पत्र्यावर पाऊस वाजतो. म्हणून ध्वनिमुद्रण काँक्रीटच्या खोलीत, गाद्या भिंतीला टेकवून, पंखा बंद करून केलं. पावसाचा आवाज नंतर वेगळ्या पट्टीवर चढवायचा आहे. निवेदनाखाली तो मिसळला गेला तर हिंदीसाठी काढताच येणार नाही. चित्र, पावसाचा व गाडीचा आवाज, मराठी निवेदन, हिंदी निवेदन आणि पडद्यावरची अक्षरं अशा पाच पट्ट्या शेवटपर्यंत सुट्या ठेवायच्या.

पूर्ण मराठी निवेदन १६२ अक्षरांचं, हिंदी १६४. पाच अक्षरांच्या मापाने दोन्ही तेहेतीस सेकंदांच्या आसपास. नव्वदपैकी सत्तावन सेकंद कोणी बोलत नाही आणि त्या शांततेतच पाहणारा दिव्याकडे बघतो.

घड्याळावर मात्र ‘रस्त्यावर’, ‘वळण्यातच’ अशा जोडाक्षरांच्या शब्दांनी मराठीत थोडा जास्त वेळ घेतला. अक्षरांचं माप मसुद्यापुरतं ठीक, शेवटचा शब्द निवेदकाच्या जिभेचा. निवेदक काकांनी ‘ब्रेक’वर अर्धा श्वास थांबून पुढे गेल्यावर शब्द आणि दिव्याचा क्षण बरोबर जुळला. हिंदी निवेदिकेला तीच मराठी फीत कानात ऐकवली आणि ‘ब्रेक’ त्याच जागी म्हणायला सांगितलं. दोन निवेदनं जुळवायचा यापेक्षा सोपा उपाय नाही.

२६ मे, पडद्यावरची अक्षरं आणि पाऊस

मॉन्सून काल देवगडपर्यंत आला आणि आज मुंबईत पोहोचला. रस्ता ओला करायला सांगितलेला पाण्याचा टँकर रद्द केला. तसाही तो मनाला पटत नव्हता. चालू रस्त्यावर पाणी सोडलं की आपल्या कॅमेऱ्यामागून येणारा खरा स्वार अनपेक्षित ओल्यात शिरतो.

पहिल्या ओळीत बदल करावा लागला. ती ‘पहिला पाऊस आला’ अशी होती आणि फिल्म पहिल्या सरीच्या आधी जाणार होती. आता ती अशी आहे:

मराठी: पाऊस सुरू झाला. पहिला अर्धा तास रस्ता सगळ्यात जास्त निसरडा.

हिंदी: बारिश शुरू हुई। पहला आधा घंटा सड़क सबसे ज़्यादा फिसलन भरी।

हे जून-जुलैतही खरं राहतं. पाऊस दोन-चार दिवस उघडला की डांबरावर तेल, धूळ आणि टायरचं रबर पुन्हा साचतं. सर सुरू झाल्यावर ते पाण्यात मिसळून निसरडा थर होतो आणि जोराच्या पावसाने तो धुऊन जाईपर्यंत तसाच राहतो.

पडद्यावरच्या अक्षरांच्या दोन फाइल बनवल्या, `marathi.srt` आणि `hindi.srt`, दोन्ही `UTF-8` मध्ये जतन केल्या. दुसऱ्या स्वरूपात जतन केलं तर फोनवर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसू शकतात. एका वेळी दोनच ओळी, आणि ओळ अर्थाच्या जागी तोडायची:

```
6
00:00:40,000 --> 00:00:43,800
वळण दिसलं की ब्रेक आत्ताच,
सरळ रस्त्यावर.
```

हिंदीच्या फाइलमध्ये सवयीने मराठी टंकलेखन घुसतं. ‘सडक’, ‘मोड’, ‘जोर’ असं नुक्त्याशिवाय लिहिलं जातं आणि पूर्णविरामाच्या जागी टिंब येतं. प्रत्येक ओळ ‘सड़क’, ‘मोड़’, ‘ज़ोर’ आणि उभ्या दंडासाठी तपासली. उलट मराठी फाइलमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात ना, ते फाँट बदलून पाहिलं. अक्षरांचा आकार वाढवताना वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जात होते, म्हणून ओळींमधलं अंतर वाढवलं.

शेवटच्या सहा सेकंदांच्या पाटीवर एकच मजकूर आहे: अपघात दिसला तर १०८. दोन्ही भाषांत तोच आकडा, म्हणून पाटीवर आकडा मोठा आणि शब्द लहान ठेवले. गाडीच्या नंबरप्लेटवर ‘एमएच ०८’ नंतरचे आकडे झाकायचे आहेत, ते चित्रीकरणाच्या यादीत टाकलं.

चित्रीकरणाचं साहित्य: एक स्कूटर, एक मोटारसायकल, चार हेल्मेटं, दोन रेनकोट (टोपी हेल्मेटच्या आत घालायची नाही, नाहीतर हेल्मेट सैल बसतं), खडू, मोजपट्टी आणि उताराच्या दोन्ही टोकांना झेंडा घेऊन उभे राहणारे दोघे. स्वार प्रत्यक्षात ३० च्या वर जाणार नाही. ४० दाखवणारा स्पीडोमीटर वेगळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर टिपून ठेवलाय. चिखलाच्या थरावरून कोणी गाडी नेणार नाही. त्याचं चित्र पायी जाऊन घ्यायचं, सकाळी, वाहतूक वाढायच्या आधी.